सायकलच्या दुकानाची टॅगलाइन: ‘जवळच जायचंय ना?’

प्रश्न: माझं सायकलचं दुकान आहे. गावात गर्दी खूप, गाड्या हलत नाहीत. लोकांनी रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी सायकल वापरावी अशी टॅगलाइन हवी आहे. ‘सायकल चालवा, प्रदूषण टाळा’, ‘कोंडी सोडा, सायकल जोडा’, ‘ट्रॅफिकला वळसा, सायकलचा भरवसा’ अशा ओळी सुचल्या, पण मनात भरत नाहीत. कशी करावी?

उत्तर:

आधी ओळ सांगतो, मग ती का ते.

जवळच जायचंय ना? सायकल काढा.

हिच्याखाली, लहान अक्षरांत, बदलता येईल अशी एक आकड्यांची ओळ. उदाहरणार्थ: ‘दुकानापासून स्टेशन, १५ मिनिटं.’ वरची ओळ कायम ठेवायची, खालची जागेप्रमाणे बदलायची.

तुमच्या तीन ओळी का भरत नाहीत ते आधी पाहू, कारण त्यातूनच बरंच कळतं. ‘सायकल चालवा, प्रदूषण टाळा’ ही ओळ झाडं लावणाऱ्या संस्थेला चालेल, सरकारी भिंतीवर चालेल, शाळेच्या फेरीतल्या फलकावरही चालेल. दुकानाचं नाव झाकलं तर ओळ कोणाची ते ओळखता येत नाही. शिवाय ती वाचणाऱ्याला चांगलं वागायला सांगते. सकाळी आठला घाईत असलेला माणूस चांगलं वागायला नाही म्हणत नाही, पण हातात किल्ली गाडीचीच घेतो.

‘कोंडी सोडा, सायकल जोडा’ यमकासाठी लिहिली गेली आहे. सायकल कोणी ‘जोडत’ नाही. लोक सायकल घेतात, काढतात, चालवतात, लावतात. कारखान्यातून सुटे भाग आले की मेकॅनिक सायकल जोडतो, तेवढाच तो शब्द खरा. यमक जुळलं की आपल्याला ओळ झाल्यासारखी वाटते, आणि तिथेच फसगत होते: पहिल्या अर्ध्या ओळीत जे म्हणायचं होतं ते दुसऱ्या अर्ध्या ओळीतल्या आवाजापायी वाकतं.

तिसरीत अडचण अर्थाची आहे. वळसा म्हणजे लांबून जाणं. सायकल लांबून जाते असं दुकानदारानेच सांगितल्यासारखं होतं. आणि सायकल ट्रॅफिकला वळसा घालतही नाही, ती त्याच सिग्नलला थांबते, त्याच चौकातून जाते. ती उरलेल्या जागेतून पुढे सरकते आणि पोचल्यावर पार्किंग शोधत फिरत नाही, एवढाच काय तो फरक. गिऱ्हाइकाला पहिल्याच आठवड्यात खोटं पडेल असं काही पाटीवर नको.

आता खरा प्रश्न: गर्दीच्या शहरात सायकलबद्दल असं कुठलं विधान करता येतं, जे कोणीही उद्या सकाळी तपासून पाहिलं तरी टिकेल?

बहुतेक जण ‘सर्वांत जलद’ इथे जातात. मोटारीच्या तुलनेत, साधारण पाच किलोमीटरच्या आत आणि भर गर्दीच्या वेळी, ते पुष्कळदा खरंही ठरतं. पण तुमच्या दारावरून जाणाऱ्यांत स्कूटर आणि मोटरसायकलवाले बरेच असतील, तर त्यांच्यापुढे हे विधान उभं राहत नाही. दुचाकीही फटीतून पुढे जाते आणि तिला पॅडल मारावं लागत नाही. स्कूटरवाल्याला ‘सायकल जलद’ म्हणालात की तो पुढची ओळ वाचतच नाही.

टिकणारं विधान वेगाचं नाही, खात्रीचं आहे. सायकलला रोज साधारण तेवढाच वेळ लागतो. हे मोजून दाखवता येतं, आणि मोजायला हवंच, कारण खालची ओळ त्यावरच उभी राहणार आहे.

मोजायची रीत अशी. दुकानापासून एक ठिकाण निवडा, जिथे लोक रोज जातात: स्टेशन, बाजार, सरकारी कचेरी. कामाचे पाच दिवस, गर्दीच्या एकाच वेळी, साधी सायकल घेऊन, रोजच्या कपड्यांत, घाम न येता जाता येईल अशा चालीने जा. घड्याळ सायकलला हात लावल्यापासून सुरू करा आणि पोचून कुलूप लावल्यावर थांबवा. चालवण्याचा वेळ तेवढा मोजायचा आणि कुलूप, स्टँड सोडून द्यायचं, असं करू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी दुसऱ्या कोणाला मोटारीने पाठवा आणि तिथेही घड्याळ किल्ली हातात घेतल्यापासून गाडी लावून दारात पोचेपर्यंत चालू ठेवा.

समजा अंतर २.८ किलोमीटर आहे आणि सायकलचे पाच दिवसांचे आकडे आले १३, १२, १५, १३, १४ मिनिटं. मोटारीचे आले ११, १९, १४, २४, १६. सरासरी काढली तर सायकल साडेतेरा मिनिटांच्या आत, मोटार सतराच्या आत. फरक तीन-साडेतीन मिनिटांचा, त्यासाठी कोणी सवय बदलणार नाही. पण सरासरी बाजूला ठेवा आणि दोन्ही ओळींतला सर्वांत वाईट दिवस पाहा. सायकलवाल्याला उशीर नको असेल तर त्याने १५ मिनिटं आधी निघायचं. मोटारवाल्याला तीच खात्री हवी असेल तर २४ मिनिटं आधी. आठवड्यातून एक दिवस ११ मिनिटांत पोचल्याचा त्याला उपयोग नाही, कारण तो दिवस कुठला ते सकाळी माहीत नसतं. विकायची गोष्ट ही आहे.

म्हणून खालच्या ओळीत नेहमी सर्वांत जास्त लागलेला वेळ लिहा, सरासरी नव्हे. वरच्या उदाहरणात ‘१५ मिनिटं’. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी चौदा मिनिटांत पोचलं की पाटी खरी ठरते. सरासरी लिहून ‘१३ मिनिटं’ म्हणालात तर पाचातल्या दोन दिवशी तुम्ही खोटे पडाल.

आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी. वरच्या उदाहरणातला वेग ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास येतो. दुकानातला तरणाताठा मेकॅनिक हेच अंतर नऊ मिनिटांत कापेल आणि तोच आकडा पाटीवर टाकावासा वाटेल. टाकू नका. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: वेग दीडपट केला तर तेवढ्यापुरता जोर तिपटीहून जास्त लागतो. ताशी बारावरून अठरावर जायचा प्रयत्न करणारा नवा माणूस घामाघूम होऊन कचेरीत पोचतो आणि दुसऱ्या आठवड्यात सायकल बंद करतो. कारण विचारलं तर ‘घाम येतो’ म्हणेल. ते घामाचं कारण सायकल नाही, पाटीवरचा आकडा आहे. ‘सुसाट’, ‘झटपट’, ‘भन्नाट वेग’ हे शब्द म्हणूनच वर्ज्य.

आता वरची ओळ. तिच्यात दोन शब्दांवर सगळा भार आहे: ‘जवळच’ आणि ‘काढा’.

‘जवळच’ने मागणी लहान होते. ‘गाडी सोडा, सायकल घ्या’ म्हणणं म्हणजे माणसाकडे त्याची गाडीच मागण्यासारखं आहे. मग तो पावसाचा दिवस, लांबचा प्रवास, सामान, म्हातारे आईवडील अशी सगळी कारणं काढतो आणि ती सगळी खरी असतात. ‘जवळच’ म्हटलं की ही कारणं आपोआप बाजूला होतात. लांब जायला गाडी राहू दे, जवळ जायला तेवढी सायकल. ‘च’ इथे फार कामाचा आहे. ‘जवळ जायचंय?’ हा नुसता प्रश्न झाला. ‘जवळच जायचंय ना?’ म्हटलं की घरातलं माणूस बोलल्यासारखं वाटतं आणि ‘एवढ्यासाठी गाडी कशाला’ हे वाक्य न लिहिताच ऐकू येतं. शेवटचा ‘ना’ काढून टाकला तर ओळ कोरडी होते. छापणारा ‘ना’ अनावश्यक म्हणेल, पण तो ठेवाच.

‘जवळ’ म्हणजे किती, हे ओळीत सांगितलेलं नाही आणि सांगूही नये, पण दुकानात सगळ्यांचं उत्तर एकच हवं. अर्ध्या किलोमीटरच्या आत चालत जाणंच सोपं, कुलूप काढ-लाव करण्यातच वेळ जातो. तिथून चार-पाच किलोमीटरपर्यंत सायकलची हद्द. मध्ये मोठा चढ किंवा उड्डाणपूल असेल तर ती हद्द आखडते, आणि गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावं.

‘काढा’ हा शब्द घरातून उचललेला आहे. माणूस निघताना ‘गाडी काढतो’ म्हणतो. ‘गाडी वापरतो’ किंवा ‘गाडीने प्रवास करतो’ असं कोणी म्हणत नाही. निर्णय होतो तो नेमका त्या क्षणी, दारात, किल्ली हातात असताना. ‘सायकल काढा’ त्याच वाक्यातला एक शब्द बदलते. ‘चालवा’मध्ये ही गंमत नाही. चालवणं ही पुढची गोष्ट, आणि बहुतेक सायकली चालवायला जड जातात म्हणून नव्हे, तर काढल्याच जात नाहीत म्हणून पडून राहतात.

‘टांग टाका’ वरूनही एक ओळ होऊ शकते आणि ती कानाला छान लागते. पण टांग टाकावी लागते ती उंच दांड्याच्या सायकलवर. साडी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, मागे मूल बसवणाऱ्या माणसाला बिनदांड्याची सायकल लागते आणि रोजच्या जवळच्या फेऱ्या याच लोकांच्या जास्त असतात. ओळीने त्यांना दाराबाहेर ठेवू नये.

‘काढा’त एक मोठा धोका मात्र आहे आणि तो पाटी लागेपर्यंत लक्षात येत नाही. ‘सायकल काढा’ हे शब्द एकटे, शटरवर किंवा भिंतीवर दिसले तर त्यांचा अर्थ ‘इथली सायकल उचला’ असा होतो. नो पार्किंगच्या पाटीसारखा! लांबट पाटीवर ओळ मावली नाही की रंगारी ती दोन तुकड्यांत करतो. ‘जवळच जायचंय ना?’ वरच्या पाटीवर आणि ‘सायकल काढा’ खाली शटरवर. शटर अर्धं वर गेलं की उरतं काय ते डोळ्यांसमोर आणा. त्यामुळे नियम एकच: दोन्ही वाक्यं एकाच तुकड्यावर. जागा नसेल तर अक्षर लहान करा, ओळ तोडू नका. जिथे तोडणं टळतच नाही, तिथे ‘सायकल बाहेर काढा’ असं लिहूनही भागत नाही, त्याचाही तोच अर्थ होतो. तिथे फक्त ‘जवळच जायचंय ना?’ आणि शेजारी सायकलचं चित्र, एवढंच द्या. तेही पुरतं.

पाटीवर लिहायला ही ओळ सोपी का, तेही पाहा. पाच शब्द, पंधरा अक्षरं. एकही जोडाक्षर नाही. खाली लटकणारा उकार नाही, वर वेलांटी किंवा मात्रा नाही, एक अनुस्वार सोडला तर शिरोरेषेच्या वर काही नाही. ‘प्रदूषणमुक्त’ लिहायला खाली ‘दू’ आणि ‘मु’च्या शेपट्यांना जागा लागते आणि मध्ये ‘क्त’ची दाटी होते, म्हणून तेवढ्याच पाटीवर मूळ अक्षर लहान करावं लागतं. इथे पाटीची जवळजवळ सगळी उंची अक्षराला मिळते. सहज वाचता यावं यासाठीचा ढोबळ हिशोब असा: दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर अक्षर. रस्त्यापलीकडचा फुटपाथ १२ मीटरवर असेल तर शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षर किमान १० सेंटिमीटर हवं. ताशी २५ किलोमीटरने जाणारा माणूस सेकंदाला सात मीटर पुढे सरकतो, म्हणजे त्याला ओळ वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. पाच शब्द तेवढ्यात होतात, नऊ होत नाहीत.

तीन अक्षरांवर नजर ठेवा. ‘ढ’च्या पोटातली गाठ जाड अक्षरात भरून जाते आणि लांबून ‘काढा’चं ‘काठा’ किंवा ‘कादा’ दिसतं, म्हणून फार ठळक अक्षर घेऊ नका, मध्यम जाडीचं घ्या. ‘जायचंय’वरचा अनुस्वार रंगारी विसरतो किंवा इतका बारीक देतो की दिसत नाही, तो अक्षराच्या रेघेइतका तरी जाड हवा. तिसरं ‘ल’. मराठी ‘ल’ पाकळ्यांचा असतो, पण संगणकावरचे बरेच फाँट हिंदी वळणाचा ‘ल’ आपोआप देतात. अनेक फाँटमध्ये दोन्ही असतात, छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी ‘ल’ येतो. दुकानाची वेबसाइट असेल तर पानाच्या कोडमध्ये `lang="mr"` हवं. गोष्ट लहान आहे, पण ‘सायकल’मध्येच ‘ल’ आहे आणि मराठी वाचणाऱ्याला परका ‘ल’ खटकतो.

पाटीपेक्षा जास्त चालेल अशी एक जागा आहे: किल्ली. निर्णय किल्ली हातात असताना होतो हे वर म्हटलंच. तेव्हा प्रत्येक कुलपाबरोबर दोन किचेन द्या आणि दोन्हीवर हीच ओळ. एक सायकलच्या किल्लीला, दुसरी गाडीच्या किल्लीला लावायची, हे देतानाच सांगा. गाडीची किल्ली उचलताना ‘जवळच जायचंय ना?’ समोर येणं, याहून चांगली जागा या ओळीला मिळणार नाही.

ओळ लागल्यावर दुकानालाही तिच्याप्रमाणे वागावं लागतं. दर्शनी भागात शॉकअपवाल्या, जाड गोट्यांच्या टायरच्या, मडगार्ड नसलेल्या डोंगरी सायकली उभ्या असतील तर पाटी एक सांगते आणि माल दुसरंच. पुढे उभी करा ती रोजची सायकल: दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, पुढे-मागे दिवा, आणि ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे कमी खाचांचे टायर. विकताना मडगार्ड आणि चेनकव्हर ‘जादा वस्तू’ म्हणून वेगळे लावू नका. कामाच्या कपड्यांना एकदा चेनचं तेल लागलं की त्या माणसाची सायकल पुन्हा निघत नाही.

सायकल न निघण्याचं सर्वांत साधं कारण हवा. ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी जात असते. तीन-चार आठवडे न भरता सोडली तर सायकल जड चालते, खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा घेते आणि पंक्चर होतं. त्याची खूण म्हणजे ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. अशी ट्यूब दुरुस्तीला आली तर काटा शोधत बसू नका, हवेबद्दल विचारा. या रुंदीच्या टायरला साधारण ५० ते ६० पीएसआय हवा लागते, टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेच्या आत. दाराशी मीटरवाला पंप कायम, फुकट ठेवा आणि त्याच्यावर लिहा: ‘आठवड्यातून एकदा.’ पाटी माणसाला सायकल काढायला सांगते, पंपामुळे ती काढण्यासारखी राहते.

ओळ रंगवायला देण्याआधी एक चाचणी करा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, दहा अनोळखी माणसांना तीन सेकंद दाखवा, कागद उलटा करा आणि विचारा, ‘काय लिहिलं होतं?’ बरोबर शब्द नकोत, अर्थ हवा. ‘जवळ जायला सायकल’ असं काहीतरी सात-आठ जणांकडून आलं तर ओळ पोचली. ‘सायकल चालवा’ एवढंच आलं तर ‘जवळच’ गळला, अक्षर किंवा मांडणी बदलून तो शब्द पुढे आणा. कोणी ‘सायकल हलवा’ म्हणालं तर दोन वाक्यांमध्ये अंतर जास्त पडलं आहे.

आणि मग मोजायचं काय? विक्रीचा आकडा एकटा घेऊ नका, शाळा सुरू होण्याच्या दिवसांत तो तसाही वाढतो. त्याऐवजी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: ‘रोज कुठे जाणार, किती लांब?’ उत्तर वहीत लिहा. पाटी लावण्याआधी आठ आठवडे आणि लावल्यावर आठ आठवडे. ‘स्टेशन’, ‘बाजार’, ‘कचेरी’, ‘मुलीला शाळेत सोडायला’ अशी उत्तरं वाढली तर ओळ काम करते आहे. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं ठिकाण घ्या, तिथपर्यंतचा वेळ वरच्या रीतीने मोजा आणि खालच्या ओळीत ते लिहा.